खुणेचं उत्तर

मास्तरांची शाळा बंद पडली तेव्हा लोक म्हणाले, आता हा माणूस संपला. पण मास्तर संपले नाहीत. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एका कंपनीचं कार्यालय होतं, तिथे ते चिकटले. काम सोपं होतं. कुठलं तरी पोर पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचं, फोनवरून पाठवायचं आणि मास्तरांनी ते गणित पडद्याशेजारच्या पाटीवर हाताने सोडवून परत पाठवायचं. पाटी विजेवर चालणारी आणि लेखणी प्लॅस्टिकची, पण अक्षर मास्तरांचंच. बाकीची मंडळी मास्तरांहून पुष्कळ तरुण होती आणि भराभर खरडायची. मास्तर मात्र शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसंच लिहीत, समास सोडून, उत्तराखाली दोन रेघा मारून. कामाचा वेग कमी म्हणून त्यांना बोलणी बसत. ती ते एका कानाने ऐकत आणि दुसऱ्याने सोडून देत.

फोटो कसले कसले येत. पानावर सांडलेला चहा, अर्धा अंगठा, मांजराची शेपटी. कुणी निम्माच प्रश्न पाठवायचं आणि उत्तर मात्र अख्खं मागायचं. मास्तरांना या पोरांचा राग यायचा. फोटो काढायला क्षण लागतो, डोकं चालवायला दुपार लागते. मग डोकं कोण चालवणार, असं ते घरी आल्यावर बायकोला ऐकवत. बायको म्हणायची, "अहो, त्या पोरांवरच आपली चूल पेटते. जरा दमाने घ्या."

त्यांची एकच लेक, बारकी. नावाप्रमाणे अंगाने बारकी, पण गणितात चांगली तयार. मास्तरांनीच तिला तयार केलं होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर भांडी बाजूला सारून दोघं बसायची. एक गणित दोन वाटांनी सोडवायचं आणि दोन्ही वाटा एकाच गावी पोहोचल्या तरच उठायचं, असा मास्तरांचा दंडक होता. बारकीची आई जेवायला हाका मारून थकायची.

त्या वर्षी बारकी मोठ्या तंत्रसंस्थेच्या प्रवेशपरीक्षेला बसली होती. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येई. निवड झाली तर शिक्षण, राहणं, खाणं सगळं संस्थेचं. नाही झाली तर मास्तरांच्या पगारात जे बसेल ते. म्हणजे फारसं काही बसणार नव्हतं. हे घरात कुणी बोलत नसे, पण तिघांनाही ठाऊक होतं. बारकी तर ते उशाशी घेऊन झोपत असे.

परीक्षेच्या दिवशी तिला केंद्राच्या फाटकाशी सोडून मास्तर कामावर आले. आज पोरीचा पेपर आहे म्हणून त्यांचं लक्ष लागत नव्हतं. चहा समोर निवून गेला. आणि पेपर निम्म्यावर आला असेल नसेल, तेवढ्यात त्यांच्या पडद्यावर एक फोटो आला.

पान छापील होतं, पण पुस्तकाचं नव्हतं. कागद पातळ, कडेला घडी, खाली उतरत्या बाकाची कड दिसत होती. फोटो घाईत काढलेला, तिरपा. कोपऱ्यात छापील सूचनेचे शेवटचे शब्द होते: '...प्रश्नपत्रिका टाकून जाऊ नये.' मधोमध प्रश्न होता. साडेसहा मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकली आहे. तिचं खालचं टोक भिंतीपासून दर सेकंदाला शून्य पूर्णांक सहा मीटर या वेगाने दूर सरकत आहे. खालचं टोक भिंतीपासून अडीच मीटरवर असताना वरचं टोक कोणत्या वेगाने खाली येत असेल?

मास्तरांचा हात पाटीवर गेला आणि थांबला. इतक्यात शेजारचा पोरगा म्हणाला, "माझ्याकडे पण शिडीच आलीय." पलीकडून आणखी एक बाई म्हणाल्या, "मला पण." तिघांचे फोटो वेगवेगळ्या फोनांवरचे, बाक मात्र तसेच.

मास्तर उठून थेट मॅनेजरबाईंच्या काचेच्या खोलीत गेले. बाई बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी फोटो पाहिला आणि दार लावून घेतलं.

"चालू परीक्षेतलं पान आहे हे."

"तेच सांगायला आलो. नकार कळवून टाकू?"

"नाही. आपण नाही म्हटलं तर पाच मिनिटांत दुसरीकडून घेतील. परीक्षा मंडळाशी आपलं ठरलंय. अशा वेळी खुणेचं उत्तर द्यायचं." मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून बाईंनी फोड करून सांगितलं. "चुकीचं उत्तर. पण असं चुकीचं, की बघणाऱ्याला बरोबर वाटावं आणि स्वतःहून कुणाच्याही हातून तशी चूक होऊ नये. मग उत्तरपत्रिकेत ते जिथे जिथे दिसेल, तिथे तिथे चोर. तुम्ही इथले सगळ्यात जुने. तुम्हीच लिहा, तिघांनाही तेच जाऊ दे."

"माझी मुलगी याच परीक्षेला बसलीय, बाई."

"मग तर बरंच आहे की. तिच्या पुढचे लबाड कमी होतील."

मास्तरांना हे पटलं. खोटं कशाला बोला, पटलं नुसतं नाही, आवडलं. इतकी वर्षं आयत्या बिळावरच्या या नागोबांची गणितं सोडवून त्यांचा जीव विटला होता. आज एकाच फटक्यात सगळ्यांची शेपटी हाती येणार होती. आणि बारकी? बारकी मान खाली घालून आपलं आपण सोडवणारी पोर. तिला असल्या चोरट्या कागदाचं वारंसुद्धा लागायचं नाही, याबद्दल त्यांची खात्री होती.

ते जागेवर आले आणि विचारात पडले. नुसता आकडा चुकवून भागणार नव्हतं. आकडा कुणाचाही चुकतो. उणे चिन्ह गाळणं तर रोजचंच. चूक अशी हवी की तिच्यामागे डोकं दिसलं पाहिजे.

सरळ वाट सगळ्यांना माहीत असते. खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर क्ष, वरच्या टोकाची उंची य. क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर साडेसहाचा वर्ग, आणि तो काही बदलत नाही. दोन्ही बाजूंचं अवकलन केलं की क्ष गुणिले क्षचा वेग अधिक य गुणिले यचा वेग बरोबर शून्य. क्ष अडीच असताना य सहा. अडीच गुणिले शून्य पूर्णांक सहा म्हणजे दीड. दीडला सहाने भागलं की पाव. वरचं टोक सेकंदाला पाव मीटर खाली येतं. वर्गात शिकवतात ती हीच वाट.

पण दुसरीही वाट असते, वेगाचे तुकडे पाडण्याची. शिडी ताणत नाही की आखडत नाही, म्हणून तिच्या लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांचा वेग सारखाच असला पाहिजे. खालच्या टोकाच्या वेगाचा शिडीच्या दिशेचा तुकडा म्हणजे शून्य पूर्णांक सहा गुणिले पाच तेरांश. वरच्या टोकाचा वेग गुणिले बारा तेरांश म्हणजेही तेवढाच. म्हणून तो वेग काढायला बारा तेरांशने भागायचं. उत्तर पुन्हा पावच. इथे मास्तरांनी भागायच्या जागी गुणलं. शून्य पूर्णांक सहा गुणिले पाच तेरांश गुणिले बारा तेरांश, म्हणजे छत्तीस भागिले एकशे एकोणसत्तर. सेकंदाला जेमतेम एकवीस सेंटिमीटर. खाली तेराचा वर्ग कसा ऐटीत बसला होता! बघणाऱ्याला वाटावं, प्रश्न याच उत्तरासाठी काढलाय.

त्यांनी सुबक आकृती काढली, समास सोडला, पायऱ्या लिहिल्या, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पाठवून दिलं. अक्षर बदलावं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. आणि का यावं? चोरांना त्यांच्या अक्षराशी काय देणंघेणं होतं?

संध्याकाळी बारकीला आणायला गेले तर ती फाटकापाशी एकटीच उभी होती. "कसा गेला?" म्हटल्यावर म्हणाली, "बरा." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही आज कामावर होता ना?" मास्तर म्हणाले, होतो. मंडळाचा निकाल लागेपर्यंत खुणेच्या उत्तराचं कुणाजवळ बोलायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. ते त्यांनी पाळलं. बारकीने पुढे काही विचारलं नाही. उलट त्यांच्याकडे बघून किंचित हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मास्तरांना बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात मंडळाचं बोलावणं आलं. खुणेचं उत्तर ज्याने लिहिलं त्यानेच उत्तरपत्रिका बघून सांगायचं, कुठली नक्कल आणि कुठली योगायोगाची चूक. मुलगी परीक्षेला बसलीय का, हे मंडळाने विचारलं नाही. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गेले. बायकोने रुमाल दिला. बऱ्याच वर्षांनी त्यांना कुणी मानाने बोलावलं होतं.

खोली उंच छताची, खिडक्यांना जाळ्या. लांब टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. प्रत्येकीचा वरचा भाग दुमडून चिकटवलेला, म्हणजे नाव-क्रमांक दिसू नये. समोर परीक्षाधिकारी, शांत, चष्मा कपाळावर सरकवलेला माणूस. त्यांच्या बाजूला एक कारकून, प्रत्येक पत्रिका पुढ्यात सरकवायला. शिडीचं उत्तर चुकलेल्याच पत्रिका त्यांनी बाजूला काढल्या होत्या. मास्तरांनी बघायचं आणि म्हणायचं: नक्कल, किंवा नाही.

पहिला तास मास्तर रंगात होते. कुणी उणे विसरलं होतं, कुणी अवकलनाआधीच अडीच घालून बसलं होतं आणि मग सगळंच शून्य आलं म्हणून गांगरलं होतं. "ही साधी चूक. सोडा बिचाऱ्याला." आणि मध्येच छत्तीस भागिले एकशे एकोणसत्तर. "ही घ्या नक्कल." त्यांची आकृती, त्यांच्या पायऱ्या, एकाने तर दोन रेघांसकट उतरवल्या होत्या. मास्तरांना हसू आलं. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ते काही उगाच नाही.

मग एक पत्रिका आली. तिच्यात वर निळ्या शाईत बरोबर रीत होती, उत्तर पाव. त्यावर फुल्या मारलेल्या आणि खाली खुणेचं उत्तर.

परीक्षाधिकारी पुढे वाकले. "याचं काय करायचं? याला येत होतं. खोडलं तरी बरोबर लिहिलं होतं त्याने."

"येत असून चोरी केली, साहेब. ज्याला येत नाही तो अडाणी म्हणून तरी सुटेल. हा तर डबल चोर." मास्तर म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "येणाऱ्याने स्वतःवर विश्वास ठेवू नये, हे मला तरी माफ करता येत नाही."

"मग असल्या सगळ्या नक्कलच धरायच्या?"

"सगळ्या."

परीक्षाधिकाऱ्यांनी कारकुनाला तसं लिहून घ्यायला सांगितलं. पत्रिका उजवीकडच्या गठ्ठ्यावर गेली.

जेवणानंतर ऊन खिडकीच्या जाळीतून टेबलावर आलं. मास्तरांचे डोळे जड झाले होते. कारकुनाने आणखी एक पत्रिका सरकवली आणि त्यांनी पान उलटलं.

बरोबर रीत, नेमकी, एकही पायरी न गाळता. समास सोडलेला. उत्तर पाव, खाली दोन रेघा. त्यानंतर बाजूला छोट्या अक्षरात दुसऱ्या वाटेने पडताळा, बारा तेरांशने भागून, पुन्हा पाव. आणि या सगळ्यावर पट्टी ठेवून मारलेली एकच तिरकी रेघ. खोडायचं तर तेही पट्टी लावून, असं हे जगात एकच माणूस करतं. त्या रेघेखाली, त्याच नेमक्या अक्षरात, छत्तीस भागिले एकशे एकोणसत्तर.

मास्तरांनी पान उलटलं. पुन्हा मागे आले. हाताखालचं टेबल लाकडाचं आहे, खोली थंड आहे, पंख्याला धूळ आहे, असं काहीबाही त्यांना दिसत राहिलं.

"नक्कल?" परीक्षाधिकाऱ्यांनी विचारलं.

दुसरी वाट! ती वाट या राज्यातल्या किती पोरांना माहीत असेल? त्यांनी स्वतः शिकवली होती, भांडी बाजूला सारून. हिला दोन्ही वाटांनी पाव मिळाला होता. दोन्ही वाटा एका गावी पोहोचल्या होत्या. तरीही ती उठली नव्हती.

"मास्तर?"

म्हणता आलं असतं. बघा, हिने स्वतः पडताळा घेतलाय, इतकं येणारी पोर नक्कल कशाला करेल, ही वेगाचे तुकडे पाडण्यातली प्रामाणिक गफलत आहे, मी शिक्षक आहे, मला कळतं. साहेब भला माणूस होता. त्याने मानलं असतं. मग सकाळची ती निळ्या शाईची पत्रिकाही उजव्या गठ्ठ्यातून काढावी लागली असती, आणि ते कुणाच्या तरी लेकराचं भलंच झालं असतं. पण साहेबांनी विचारलं असतं, सकाळी तर तुम्ही म्हणालात, मग आता का? आणि त्याचं उत्तर मास्तरांकडे एकच होतं. ते सांगितलं की हिची पत्रिका तर जाणारच, शिवाय मास्तरांनी पोरीला आधीच कळवलं होतं असं म्हणणारेही निघाले असते.

एवढा हिशेब त्यांनी मनात केला. खरं सांगायचं तर हिशेब नंतर केला. आधी तोंडातून शब्द निघाला, दिवसभराच्या सवयीने.

"नक्कल."

कारकुनाने पत्रिका उचलली. मास्तरांनी नकळत हात पुढे केला होता, तो त्यांनी रुमाल घ्यायला खिशात घातला. उरलेल्या पत्रिका त्यांनी बघितल्या, पण काय बघितलं ते त्यांना नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या दिवशी आणि पुढेही घरी ते काही बोलले नाहीत. पत्र येईपर्यंत बारकी निकालाच्या तारखा मोजत होती आणि मास्तर तिच्या समोर जेवत होते. भ्याडपणाला माणूस किती नावं देतो! मास्तर त्याला 'तिचे चार दिवस तरी सुखाचे' म्हणत होते.

पत्र भर दुपारी आलं. परीक्षा रद्द, पुन्हा बसता येणार नाही. कारणाखाली एकच ओळ: उत्तरातली खूण जुळली. बारकीची आई पत्र हातात घेऊन रडली, मग मंडळाला शिव्या दिल्या, मग शेजारी ऐकतील म्हणून दार लावून घेतलं. बारकी रडली नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून राहिली. मास्तर समोर बसले. मधे भांडी तशीच होती.

"खूण म्हणजे काय, बाबा?"

मास्तरांनी सांगितलं. फोटो, मॅनेजरबाई, भागायच्या जागी गुणणं. उजवीकडचा गठ्ठाही सांगितला. काही राखून ठेवलं नाही. आता राखायला उरलं तरी काय होतं. बारकीच्या आईने एकदा नुसतं "अहो" म्हटलं.

"माझी पत्रिका ओळखलीत?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

बारकीने मान हलवली. तिला त्यातलं गणित पटलं असावं. मास्तर मात्र नको ते बोलले.

"पण तू बघितलंस कशाला? मला खात्री होती, तू नाही बघणार. माझी बारकी असल्या कागदाकडे ढुंकूनही बघणार नाही, म्हणून तर मी..."

"पाणी मारायला गेले होते तोंडावर. दोघी तिघी फोन घेऊन उभ्या होत्या नळापाशी. मी निघालेच होते, बाबा. मग आकृती दिसली." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, तुम्हाला माहितीय माझा पेपर आहे. मला वाटलं, मी कुठेतरी चुकतेय हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही कसं तरी करून पाठवलंत. जागेवर जाऊन मी परत पडताळलं. माझंच बरोबर येत होतं. दोन्ही वाटांनी. तरी खोडलं."

"अगं, पण बरोबर येत होतं तर..."

"दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं तर मी बघितलंही नसतं."

बारकी उठली, पत्राची घडी घालून ते आईच्या हातात दिलं आणि टेबलावरची भांडी उचलून मोरीत घासायला बसली.